काउंटरवर गळ्यात पडलेलं कार्ड

मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात बिल होता होता शेजारी टॅब घेऊन उभा असलेला तरुण पुढे सरकतो. "मॅडम, आज कार्ड घेतलंत तर साडेसातशे रुपये कमी होतील. फक्त दोन मिनिटं." मागे रांग उभी असते, हातात पिशव्या असतात, सोबतची मुलं कंटाळलेली असतात. पॅन नंबर सांगितला जातो, आधार नंबर सांगितला जातो, मोबाइलवर एकामागून एक ओटीपी येतात आणि तेही वाचून दाखवले जातात. घरी येऊन मेल उघडला की कळतं, आपण दुकानाचं सवलत कार्ड घेतलेलं नाही, एका बँकेच्या क्रेडिट कार्डासाठी अर्ज केला आहे. ज्याला "लाइफटाइम फ्री" म्हटलं होतं त्याला पहिल्याच महिन्यात फी आहे.

आता हे परत फिरवायचं कसं, हा प्रश्न बहुतेक जण दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात जाऊन विचारतात. तिथे उत्तर मिळतं, "आमच्या हातात काही नाही." हे उत्तर टोलवाटोलवीचं वाटतं, पण ते बरंचसं खरं असतं. सही दुकानात झाली तरी करार दुकानाशी झालेला नसतो. त्यामुळे तो मोडायची जागाही दुकान नाही.

मुदत कायद्यात कुठे आहे?

पुष्कळांची समजूत असते की कुठलीही सही पंधरा दिवसांत मागे घेता येते. भारतात असा सरसकट हक्क नाही. आयुर्विमा किंवा आरोग्य विम्याची पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत ती नाकारता येते, तिला फ्री-लूक मुदत म्हणतात. ब्रिटनमध्ये दुकानाचं उधारीचं कार्ड घेतलं तर कारण न सांगता 14 दिवसांत करार मागे घेता येतो. त्यावर काही खर्च केला असेल तर तो पुढच्या 30 दिवसांत भरावा लागतो. आपल्याकडे क्रेडिट कार्डासाठी "इतक्या दिवसांत परत" असं शब्दशः लिहिलेलं कलम नाही.

तरीही कार्ड घेतलेला माणूस अगदीच उघडा पडत नाही. रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये क्रेडिट आणि डेबिट कार्डांबाबत सविस्तर निर्देश काढले. त्यातल्या दोन तरतुदी एकत्र ठेवल्या की परतीची वाट तयार होते. पहिली अशी, की दिलेलं कार्ड 30 दिवसांहून अधिक काळ ग्राहकाने सुरूच केलं नाही, तर बँकेला ओटीपीद्वारे त्याची संमती विचारावी लागते. संमती मिळाली नाही तर विचारल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत ते खातं बंद करावं लागतं, आणि त्याचा कोणताही खर्च ग्राहकावर टाकता येत नाही. दुसरी अशी, की ग्राहकाने स्वतः कार्ड बंद करायला सांगितलं आणि काही येणं बाकी नसलं, तर तेही सात कामकाजाच्या दिवसांत बंद व्हायला हवं. उशीर झाला तर बँकेने ग्राहकाला दर दिवसाला 500 रुपये द्यायचे आहेत.

म्हणजे आपली खरी मुदत सहीपासून मोजली जात नाही. ती कार्ड सुरू होईपर्यंत असते. कार्ड सुरू होण्याआधी आपण कुठे आहोत, यावर पुढचं सगळं ठरतं.

कार्ड कोणाचं आहे, ते आधी शोधा

दुकानाचं नाव ठळक आणि बँकेचं नाव बारीक, अशा कार्डांना को-ब्रँडेड कार्ड म्हणतात. पैसे उधार देणारी, बिल पाठवणारी आणि वसुली करणारी बँक असते. दुकानाचं काम ग्राहक मिळवून देणं आणि खरेदीवर सवलत देणं, एवढंच. रिझर्व्ह बँकेचा नियमही हेच सांगतो. दुकानाला हे कार्ड स्वतःचं म्हणून विकता येत नाही, जाहिरातीत बँकेचं नाव स्पष्ट असावं लागतं आणि ग्राहकाच्या व्यवहारांची माहिती दुकानाला पाहता येत नाही. टॅब घेऊन उभा असलेला तरुणही बऱ्याचदा दुकानाचा नोकर नसतो. तो बँकेने नेमलेल्या एजन्सीचा माणूस असतो, आणि महिन्याला किती अर्ज भरले यावर त्याची कमाई अवलंबून असते. त्याच्याशी भांडून हाती काही लागत नाही. त्याला अर्ज रद्द करायचे अधिकारच नसतात.

म्हणून घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे मोबाइलवरचे त्या दिवशीचे सगळे एसएमएस आणि मेल पुन्हा वाचणं. ओटीपीच्या मेसेजमध्ये पाठवणाऱ्याचं नाव असतं आणि तो कशासाठी आहे तेही लिहिलेलं असतं. एक ओटीपी मोबाइल नंबर पडताळण्याचा असतो, एक आधारची माहिती देण्याचा आणि एक क्रेडिट अहवाल तपासायला संमती देण्याचा. हे मेसेज पुसू नका. काउंटरवर नेमकं काय घडलं, याची तारीख आणि वेळेसह ठेवलेली ती नोंदच आहे. मेलमध्ये अर्ज क्रमांक सापडेल. "अति महत्त्वाच्या अटी व शर्ती" नावाची एक फाइलही बहुधा जोडलेली असेल. इंग्रजीत तिला एमआयटीसी म्हणतात. फी, व्याज आणि उशिराचा दंड त्यातच असतो. काउंटरवर जे सांगितलं आणि तिथे जे लिहिलं आहे, त्यातला फरक एका कागदावर टिपून ठेवा.

तीन टप्पे

यानंतर आपण कुठल्या टप्प्यावर आहोत ते बघायचं.

पहिला टप्पा म्हणजे अर्ज गेला आहे, पण कार्ड मंजूर झालेलं नाही. हा सगळ्यात सोपा. अशा अर्जात बऱ्याचदा व्हिडिओ केवायसी बाकी असते. बँकेचा अधिकारी व्हिडिओ कॉलवर तुमचा चेहरा आणि पॅन कार्ड पाहतो, एकदोन प्रश्न विचारतो. तो कॉल आला तर घाबरून कापू नका. उचला आणि स्पष्ट सांगा, "मला हे कार्ड नको आहे, माझा अर्ज मागे घ्या." हा संवाद रेकॉर्ड होतो, त्यामुळे तो तुमच्याच बाजूचा पुरावा ठरतो. त्याच दिवशी मेलही पाठवा.

दुसरा टप्पा म्हणजे कार्ड मंजूर झालं आहे, ॲपमध्ये त्याचा नंबर दिसतो आहे किंवा प्लास्टिकचं कार्ड कुरिअरने घरी आलं आहे, पण तुम्ही ते सुरू केलेलं नाही. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. कार्ड "सुरू होणं" म्हणजे फक्त त्याने खरेदी करणं नव्हे. पिन तयार करणं, ॲपमध्ये जाऊन ऑनलाइन किंवा परदेशी व्यवहारांची बटणं चालू-बंद करणं, कस्टमर केअरच्या रेकॉर्ड होणाऱ्या कॉलवर किंवा एसएमएसने होकार देणं, यांतल्या कशानेही कार्ड सुरू झालं असं धरलं जातं. अनेकजण सुरक्षिततेसाठी म्हणून ॲप उघडतात, सगळे व्यवहार बंद करून ठेवतात आणि नकळत कार्ड सुरू करून बसतात. नको असलेल्या कार्डाचं पाकीट आलं तर ते तसंच ठेवा, पिन बनवू नका, बटणांना हात लावू नका.

तिसरा टप्पा म्हणजे कार्ड सुरू झालं, काउंटरवरच त्या नव्या कार्डाने बिलही भरलं. सवलत त्यावरच मिळणार होती, म्हणून हे बऱ्याचदा होतं. इथे परत फिरता येतं, पण फुकटात नाही. खर्च केलेले पैसे भरल्याशिवाय खातं बंद होत नाही. बिल यायची वाट न पाहता पूर्ण रक्कम लगेच भरून टाका. त्याच खरेदीतला एखादा कपडा दुकानात परत करायचा असेल तर आधी तो करा आणि पैसे कार्डावर जमा झालेले दिसू द्या. मगच बंद करायची विनंती पाठवा. खातं बंद होताना कार्डावर जास्तीचे पैसे शिल्लक असतील तर बँकेने ते तुमच्या बचत खात्यात द्यायचे असतात. पण कार्ड बंद झाल्यानंतर आलेला परतावा शोधत बसणं हा नसता ताप असतो.

एक उदाहरण, तारखांसह

समजा ठाण्यातल्या एक काकू लग्नसराईच्या खरेदीला गेल्या. बिल झालं 7,480 रुपयांचं. काउंटरवर सांगितलं गेलं की कार्ड घेतल्यास पुढच्या खरेदीवर 750 रुपयांचं व्हाउचर मिळेल आणि कार्ड कायमचं फुकट आहे. काकूंनी बिल यूपीआयने भरलं आणि रविवारी संध्याकाळी सातच्या सुमारास टॅबवर अर्जही भरला. दुकानातच हँगरांच्या रांगेआड उभं राहून व्हिडिओ कॉल झाला. रात्री मुलाने मेल वाचला. त्यात जॉइनिंग फी 499 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी लिहिला होता. म्हणजे 588 रुपये 82 पैसे. व्हाउचर मिळायचं, ते फी भरल्यानंतर.

सोमवारी सकाळी काकूंनी बँकेच्या वेबसाइटवर "क्रेडिट कार्ड बंद करा" हा दुवा शोधला. असा दुवा सहज दिसेल असा ठेवणं बँकेवर बंधनकारक आहे. हेल्पलाइन, ठरावीक मेल पत्ता, इंटरनेट बँकिंग, ॲप यांतल्या मार्गांनी विनंती स्वीकारावी लागते. "पोस्टाने अर्ज पाठवा" असा आग्रह बँकेला धरता येत नाही. काकूंनी वेबसाइटवर विनंती नोंदवली आणि शिवाय मेलही पाठवला. मेलचा मजकूर साधारण असा होता:

"रविवारी संध्याकाळी दुकानातील बिलिंग काउंटरवर माझ्या नावाने आपल्या बँकेच्या को-ब्रँडेड क्रेडिट कार्डासाठी अर्ज भरण्यात आला. अर्ज क्रमांक सोबत देत आहे. कार्ड कायमचे मोफत असल्याचे मला सांगण्यात आले होते. आपल्या अटींमध्ये जॉइनिंग फी दिसते. मी कार्ड सुरू केलेले नाही आणि वापरलेले नाही. अर्ज प्रलंबित असल्यास तो मागे घेतला असे समजावे. कार्ड दिले गेले असल्यास खाते बंद करावे आणि कोणतेही शुल्क आकारू नये. कार्यवाही झाल्याचे लेखी कळवावे."

यात रागाचा एक शब्द नाही, आणि तो नसलेलाच बरा. चार गोष्टी मात्र आहेत: कार्ड कुठे आणि कसं घेतलं, काय सांगितलं गेलं, कार्ड न वापरल्याची नोंद, आणि आपल्याला काय हवं. उत्तरादाखल आलेला सर्व्हिस रिक्वेस्ट नंबर काकूंनी वहीत लिहून ठेवला. मोजणी या दिवसापासून सुरू होते.

मंगळवार हा पहिला दिवस धरला आणि मधले शनिवार-रविवार सुट्टीचे असले, तर सात कामकाजाचे दिवस पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी भरतात. बँकेने त्या बुधवारपर्यंत खातं बंद केलं नाही आणि ते त्याच्याही पुढच्या बुधवारी बंद झालं, तर सात दिवसांचा उशीर होतो. दंडाचा हिशोब 3,500 रुपये. हे पैसे मागावे लागतात, आपण होऊन क्वचितच येतात.

इथेच एक गोम आहे. दंडाची तरतूद "येणं बाकी नसेल तर" या अटीवर आहे. कार्ड बंद करायची विनंती पडून असतानाच बँकेच्या यंत्रणेने 588 रुपये 82 पैशांचं बिल बनवलं, तर बँक म्हणते, "आधी थकबाकी भरा, मग बंद करू." या वळणावर पुष्कळ लोक वैतागून फी भरून टाकतात. त्याऐवजी दोन वेगळ्या मागण्या करायच्या: सुरूच न केलेल्या कार्डावर लावलेली फी उलटवा, आणि मग खातं बंद करा. पहिल्या मागणीमागचा युक्तिवाद सरळ आहे. ग्राहकाने गप्प बसून 30 दिवस जाऊ दिले असते आणि संमती दिली नसती, तर तेच कार्ड बँकेला विनाखर्च बंद करावं लागलं असतं. मग ज्याने आधीच लेखी नकार कळवला, त्याच्याकडून फी कशी घेणार? हे मुद्देसूद लिहिलं तर तक्रार विभागात फी उलटवली जाण्याची शक्यता चांगली असते.

पण बिलाची शेवटची तारीख जवळ आली आणि उत्तर आलंच नाही, तर? तर हरकत कायम ठेवून भरणा करत असल्याचं मेलवर लिहा, रक्कम भरा आणि परताव्याची मागणी चालू ठेवा. पाचसहाशे रुपयांसाठी स्वतःच्या नावावर थकबाकीची नोंद होऊ देणं परवडत नाही. घरासाठी कर्ज काढायचं असेल तर मुळीच नाही.

कुठे फसतं

बंद करायला फोन केला की पलीकडून आधी आर्जव सुरू होतं. "मॅडम, तुमच्यासाठी फी माफ करून देते, कार्ड राहू द्या." "पाचशेचं व्हाउचर देतो." हे बोलणाऱ्यांचं कामच ग्राहक टिकवणं असतं. कार्ड खरोखर हवं असेल तर गोष्ट वेगळी. नको असेल तर या बोलण्यात कशालाही "हो" म्हणू नका. एखाद्या वाक्याला दिलेला होकार नवीन संमती म्हणून नोंदला जाऊ शकतो.

दुसरा घोळ "ब्लॉक" आणि "बंद" यांचा. हेल्पलाइनवर "तुमचं कार्ड ब्लॉक केलंय" असं सांगतात आणि ग्राहक निर्धास्त होतो. ब्लॉक केलेल्या कार्डावर खरेदी होत नाही, पण खातं जिवंत राहतं. वर्षाची फी लागू शकते, हरवलेलं समजून नवीन कार्डही छापून येऊ शकतं. विचारायचा प्रश्न एकच: "खातं क्लोज झालं का, आणि त्याचा मेल कधी येईल?" कात्रीने कार्ड कापून कचऱ्यात टाकणं हाही असाच गैरसमज. प्लास्टिक कापलं म्हणून करार संपत नाही. वर्षाहून जास्त काळ न वापरलेलं कार्ड ग्राहकाला कळवून बंद करायची प्रक्रिया बँकेने सुरू करायची असते, हे खरं. पण तोपर्यंत लागलेल्या फीचं काय, हा प्रश्न उरतोच.

तिसरा धोका ओटीपीचाच. कार्ड सुरू केलं नाही म्हणून 30 दिवसांनंतर बँक जो ओटीपी पाठवते, तो कार्ड सुरू करायच्या संमतीचा असतो. तो द्यायचा नसतो. नेमक्या याच काळात कुणीतरी फोन करून म्हणू शकतं, "कार्ड बंद करायला आलेला नंबर सांगा." तो बँकेचा एजंट असो की भामटा, उत्तर तेच. मेसेजमध्ये ओटीपी कशासाठी आहे ते लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय नंबर कुणालाही सांगू नका.

आणि समजा तुम्ही काउंटरवर ठामपणे नाही म्हणाला होता, अर्जही पूर्ण केला नव्हता, तरी कार्ड घरी आलं, कुणीतरी ते परस्पर सुरू केलं आणि बिलही लागलं. मग प्रकरण वेगळं होतं. न मागितलेलं कार्ड देण्यावरच बंदी आहे. असं कार्ड संमतीशिवाय सुरू करून शुल्क लावलं, तर बँकेने ते ताबडतोब उलटवायचं आणि उलटवलेल्या रकमेच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यायचा, असा नियम आहे. मात्र ओटीपी आपणच वाचून दाखवला असेल तर "मी मागितलंच नव्हतं" हा दावा टिकणं अवघड. तेव्हा खोटं काय सांगितलं गेलं, यावरच बोट ठेवावं.

बँकेकडे लेखी तक्रार करून 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. cms.rbi.org.in या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते, फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. तिथे मेलच्या प्रती, सर्व्हिस रिक्वेस्ट नंबर आणि त्या संध्याकाळचे एसएमएस जोडायचे. बँकेकडे आधी तक्रार न करता थेट लोकपालाकडे गेलं तर तक्रार परत येते, म्हणून क्रम पाळायला हवा.

जे पुसता येत नाही

एक गोष्ट मात्र परत फिरवता येत नाही. अर्ज आल्यावर बँकेने तुमचा क्रेडिट अहवाल मागवलेला असतो आणि त्या चौकशीची नोंद अहवालात राहते. अर्ज मागे घेतला तरी ती जात नाही, कारण ती चौकशी संमतीने खरोखरच झालेली असते. एका चौकशीने आभाळ कोसळत नाही. पण एकाच महिन्यात तीन दुकानांत तीन अर्ज भरले असतील, तर कर्ज देणाऱ्याच्या डोळ्यांत ते भरतं.

खात्याचं तसं नाही. कार्ड सुरू होण्याआधी त्या नव्या खात्याची माहिती क्रेडिट कंपन्यांना कळवायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. त्यामुळे दुसऱ्या टप्प्यावरच परत फिरलेल्या माणसाच्या अहवालात ती चौकशी दिसेल, कार्डाचं खातं दिसता कामा नये. कार्ड वापरून मग बंद केलेल्याच्या अहवालात खातं दिसेल, पण "बंद" या नोंदीसह. दोनेक महिन्यांनी हे तपासून घ्या. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. चूक दिसली तर दुरुस्तीची तक्रार तिथेच करता येते. ती 30 दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या दर दिवसाला 100 रुपये भरपाईची तरतूद आहे.

आणि दुकानाचीच मेंबरशिप असेल तर

काही दुकानं क्रेडिट कार्ड देत नाहीत, स्वतःची पैसे भरून घ्यायची मेंबरशिप विकतात. वर्षाला 999 रुपये भरा, प्रत्येक खरेदीवर 10 टक्के सूट. इथे बँक नाही, त्यामुळे वरचं काहीही लागू होत नाही. करार दुकानाशीच असतो आणि तो मोडायचा तर दुकानातच.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये सदोष वस्तू किंवा सेवा परत घेऊन पैसे देण्याबाबत तरतूद आहे. बिलावर मुदत दिलेली नसेल तर ती 30 दिवस धरली जाते. पण मेंबरशिप ठीकठाक आहे, फक्त नंतर आपला विचार बदलला, तर ही तरतूद कामाला येत नाही. मग हातात दोनच गोष्टी उरतात. एक म्हणजे दुकानाचं स्वतःचं धोरण, जे अर्जाच्या मागे किंवा वेबसाइटवर लिहिलेलं असतं. दुसरी म्हणजे खोटं सांगून विकलं हा मुद्दा. "सगळ्या मालावर सूट" म्हटलं आणि घरी गेल्यावर कळलं की निम्मे ब्रँड वगळलेले आहेत, तर ही अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. तेवढ्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.

मेंबरशिपच्या बाबतीत सगळ्यात जास्त वजन वेळेला असतं. कार्डाने भरलेले पैसे स्वाइप मशीनवर दिवसअखेरीच्या हिशोबाआधी तिथल्या तिथे रद्द करता येतात. दुकान बंद होऊन हिशोब झाला की तोच व्यवहार परतावा म्हणून वेगळा करावा लागतो, त्याला मॅनेजरची मंजुरी लागते आणि पैसे यायला दिवस लागतात. म्हणून पार्किंगमध्ये बिल वाचताना खटकलं तर तिथूनच मागे वळा. कॅशियरशी हुज्जत न घालता फ्लोअर मॅनेजरला गाठा. मेंबरशिपवर मिळालेली सूट दुकान परत मागेल, हे गृहीत धरा. 6,200 रुपयांच्या खरेदीवर 620 रुपये सूट घेतली असेल, तर 999 मधून ती वजा होऊन 379 रुपयेच हातात येतील. हे न्याय्यच आहे. सूट ठेवून फीही परत मागितली तर तुमची बाजू लंगडी पडते.

बिल करताना मोबाइल नंबर द्यायलाच हवा, असंही नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे 2023 मध्येच दुकानांना सांगितलं आहे की नंबर दिल्याशिवाय बिल करणार नाही, असा आग्रह धरू नये. मेंबरशिप असो की कार्ड, या सगळ्याची सुरुवात त्या दहा आकड्यांपासून होते. नंबर दिलाच, तर त्यावर आलेला पहिला मेसेज काउंटरवरच पूर्ण वाचावा. त्यात बँकेचं नाव किंवा "क्रेडिट अहवालासाठी संमती" असे शब्द दिसले, तर तो ओटीपी न सांगता फोन पर्समध्ये ठेवावा. अर्ज तिथेच थांबतो, चौकशीची नोंदही होत नाही, आणि पुढचे मेल, सात दिवसांची मोजणी, लोकपाल यांतलं काहीच करावं लागत नाही.